पैलवानाचं किमान वजन कसं काढायचं? तालमीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, राहतो ठाण्यात. रविवारी सकाळी घणसोली आणि कळव्याकडच्या तालमींमध्ये जाऊन पोरांची मोजमापं घेतो. शालेय आणि जिल्हा स्पर्धांचे दिवस जवळ आले की एकच प्रश्न दहा तोंडांनी येतो: "सर, हा खालच्या गटात बसेल का?" त्याचं उत्तर देताना जे पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागतं, ते इथे एकत्र लिहिलं आहे. एका मुलाचा हिशेब पहिल्यापासून शेवटपर्यंत केला आहे. मुलाचं नाव लिहिलेलं नाही, पण त्याच्या वडिलांनी आकडे वापरायला परवानगी दिली आहे.

किमान वजन म्हणजे नेमकं काय?

पैलवानाच्या अंगातली चरबी एका ठरावीक टक्क्यापर्यंत खाली आली आणि बाकी सगळं, म्हणजे स्नायू, हाडं, रक्त, पाणी, आहे तसं राहिलं, तर काट्यावर जे वजन दिसेल ते त्याचं किमान वजन. त्याच्या खालचा गट त्याने खेळू नये, कारण तिथपर्यंत जायला चरबी पुरत नाही. मग उरलेलं वजन स्नायूंतून किंवा पाण्यातून काढावं लागतं.

जत्रेच्या फडात जोड नजरेने बघून कुस्ती लावतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. गादीवर वजनगट आले की येतो. आपल्याकडे स्पर्धेच्या काट्यावर फक्त किलो बघतात, ते किलो कशाचे आहेत हे कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांच्या कुस्तीत मात्र हंगामाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाचं किमान वजन काढून नोंदवतात आणि त्याखालच्या गटात खेळू देत नाहीत. खालची पद्धत तिथली आहे. ती आपल्या तालमीत वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. चिमटीत धरलेल्या कातडीची आणि तिच्याखालच्या चरबीची जाडी मोजायचा एक चांगला कॅलिपर, एक काटा आणि लघवी तपासायचं एक छोटं यंत्र एवढं पुरतं.

चरबीची खालची हद्द किती धरायची?

शाळेतल्या मुलांसाठी ७ टक्के, कॉलेजच्या वयाच्या पुरुषांसाठी ५ टक्के, मुली आणि स्त्रियांसाठी १२ टक्के. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने १९९६ मध्ये कुस्तीगिरांच्या वजनाबद्दल जी भूमिका मांडली, तिच्यात मुलांसाठी रेषा वयाच्या सोळाव्या वर्षावर आहे: सोळा आणि त्याखालच्यांना ७, त्यावरच्यांना ५. याच्या खाली असलेल्याने डॉक्टरांनी तपासल्याशिवाय स्पर्धेत उतरू नये, असं त्यात म्हटलं आहे.

हे आकडे काठावरचे आहेत. ७ टक्क्यांवर मुलगा उत्तम खेळतो असा त्यांचा अर्थ नाही. त्याखाली गेला तर शरीर स्वतःचं काम चालवायला लागणाऱ्या चरबीला हात घालतं, एवढाच अर्थ आहे. वाढत्या वयाच्या मुलाला जास्त राखीव साठा लागतो, म्हणून त्याचा आकडा मोठ्या माणसापेक्षा वर आहे.

मोजायच्या आधी लघवी का तपासता? पोरं लाजतात.

लाजतात हे खरं. पण ही तपासणी गाळली तर पुढचा सगळा हिशेब खोटा ठरू शकतो, आणि खोटा ठरतो तो नेमका पोराला हव्या त्या बाजूने.

समजा मुलाने आदल्या दिवशी पाणी तोडलं, रेनकोट घालून पळाला आणि दोन किलो कमी होऊन मोजायला आला. कॅलिपरची चिमटी जवळजवळ तेवढीच भरते, कारण चरबी तिथेच आहे. त्यामुळे टक्का तोच येतो. पण गेलेले दोन किलो निव्वळ पाणी होतं, आणि पाणी हे चरबी सोडून उरलेल्या वजनाचा भाग आहे. सूत्राला ते कळत नाही. ते समोर आलेल्या कमी वजनावर हिशेब करतं आणि किमान वजनही दोन किलोच्या आसपास खाली आणून ठेवतं. पोराला वाटतं गट मिळाला. प्रत्यक्षात त्याची खरी हद्द जागची हललेली नसते.

म्हणून लघवीचं विशिष्ट गुरुत्व आधी बघायचं. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातात मावणारं यंत्र असतं. त्याच्या काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि पट्टीवरची रेषा वाचायची. साध्या पाण्याला १.००० येतो. लघवी दाट होत जाते तसा आकडा चढतो. अमेरिकेत कॉलेजला १.०२० आणि शाळांना १.०२५ ही वरची मर्यादा आहे. मी सगळ्यांना १.०२० लावतो. आकडा त्यावर गेला तर त्या दिवशी मोजणी नाही. घरी जाऊन नेहमीसारखं जेवा, पाणी प्या, चोवीस तासांनी या. तिथल्या तिथे दोन बाटल्या पिऊन पुन्हा बाटली भरून आणलेली चालत नाही. पोटात नुकतं गेलेलं पाणी लघवी पातळ करतं, पण अंगात मुरायला त्याला वेळ लागतो.

मोजणी सकाळी, व्यायामाच्या आधी. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत तासभर जोर-बैठका आणि मॅट झाली की पोरगं किलोभर सहज घाम गाळतं, म्हणून सराव झाल्यावर मी कुणालाच मोजत नाही.

चिमटी कुठे आणि कशी घ्यायची?

मुलांसाठी तीन जागा, तिन्ही शरीराच्या उजव्या बाजूला. पहिली दंडाच्या मागे, खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, उभी चिमटी. हात सैल सोडलेला हवा. दुसरी पाठीवर, खांद्याच्या फऱ्याचं खालचं टोक संपतं त्याच्या जरा खाली, तिरपी. तिसरी पोटावर, बेंबीच्या उजवीकडे साधारण एक इंचावर, उभी.

डाव्या हाताच्या अंगठा-बोटात कातडी आणि तिच्याखालची चरबी उचलायची, स्नायू नाही. शंका आली तर मुलाला तो स्नायू आवळायला सांगा. चिमटीत स्नायू आला असेल तर तो निसटतो. चिमटी न सोडता तिच्यापासून एक सेंटिमीटरवर कॅलिपर लावायचा, दोन सेकंद थांबायचं आणि वाचायचं. जास्त वेळ धरला तर चरबी दबते आणि आकडा घसरतो. एका जागी लागोपाठ तीनदा घेऊ नये. दंड, पाठ, पोट असा फेरा तीनदा करायचा आणि प्रत्येक जागेचा मधला आकडा धरायचा. अंग कोरडं हवं, तेल लावलेलं नको. मालिश करून आलेल्या पोराची चिमटी धरवतच नाही.

ऑनलाइन मिळणारे प्लास्टिकचे कॅलिपर स्वस्त असतात, पण त्यांचा दाब अंगठ्याच्या जोरावर असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. स्प्रिंगचा हवा, जो किती उघडला तरी सारखाच दाब देतो.

एकदा पूर्ण हिशेब करून दाखवा.

मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत, घणसोलीतला. सतरा वर्षांखालच्या फ्रीस्टाइलमध्ये त्याच्या आसपासचे गट ५५, ६० आणि ६५ किलोचे. (वजनगट अधूनमधून बदलतात, तुमच्या स्पर्धेचं परिपत्रक बघून घ्या.) तो आणि त्याचे वस्ताद दोघांनाही ६० हवा होता. लघवीचं गुरुत्व १.०१४ आलं, म्हणजे पाणी भरपूर. लंगोटावर वजन ६३.४ किलो. दंड ८, पाठ ९.५, पोट १२.५ मिलिमीटर. बेरीज ३०.

या बेरजेवरून आधी शरीराची घनता काढतात, मग घनतेवरून चरबीचा टक्का. चरबी हलकी आणि बाकीचं अंग जड, त्यामुळे घनता जितकी कमी तितकी चरबी जास्त. सूत्रं अशी, यात S म्हणजे तीन चिमट्यांची बेरीज:

```
D  = 1.0982 - 0.000815*S + 0.00000084*S^2
BF = 4.57/D - 4.142
```

S च्या जागी ३० टाकले की घनता १.०७४५ येते आणि चरबी ११.१ टक्के. ६३.४ किलोतली चरबी साधारण ७.०४ किलो झाली. ती वजा केली की उरतात ५६.३६ किलो. हे त्याचं चरबी सोडून उरलेलं वजन, आणि यालाच आपल्याला हात लावायचा नाही.

आता ७ टक्के चरबी ठेवायची म्हणजे हे ५६.३६ किलो त्याच्या नव्या वजनाच्या ९३ टक्के व्हायला हवेत. म्हणून ५६.३६ ला ०.९३ ने भागायचं. उत्तर ६०.६ किलो.

इथे एक चूक नेहमी होते. लोक ११.१ मधून ७ वजा करतात, ४.१ टक्के उरले म्हणतात, ६३.४ चे ४.१ टक्के २.६ किलो काढतात आणि ६०.८ लिहितात. पण वजन उतरतं तसं ज्याचे टक्के काढायचे ते वजनही बदलतं, म्हणून वजाबाकी बरोबर येत नाही, भागाकारच करायचा. फरक इथे २०० ग्रॅमचाच आहे, तरी काट्यावर २०० ग्रॅममध्ये गट जातो.

तालमीच्या लॅपटॉपवर स्प्रेडशीट असेल तर A2 मध्ये वजन, B2 मध्ये बेरीज आणि C2 मध्ये 0.07 लिहून हे एकच सूत्र टाका:

```
=A2*(1-(4.57/(1.0982-0.000815*B2+0.00000084*B2^2)-4.142))/(1-C2)
```

६०.६ आलं आणि गट ६०. सहाशे ग्रॅमसाठी अडवता?

हाच प्रश्न वडिलांनी विचारला आणि त्यांचा राग मला समजत होता. वर्षभर ६० च्या तयारीत होता मुलगा.

हो, अडवतो. किमान वजन दोन गटांच्या मध्ये पडलं तर वरचा गट, असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. हे सहाशे ग्रॅम काढायला त्याच्याकडे चरबी शिल्लक नाही. ते निघणार पाण्यातून किंवा स्नायूंतून. आणि ६०.६ वर येण्यासाठी आधीच २.८ किलो निव्वळ चरबी गेली असं आपण गृहीत धरलं आहे. प्रत्यक्षात वजन उतरवताना थोडा स्नायूही जातोच. त्या २.८ किलोपैकी पाऊण किलो जरी स्नायू गेला तरी काट्यावर ६०.६ दिसेल, अंगात चरबी ८ टक्क्यांच्या पुढे असेल आणि ताकद मात्र गेलेली असेल. म्हणजे हिशेबातलं किमान वजन मुळातच उदार आहे.

वडिलांचा पुढचा मुद्दा असा: "मोठ्या पैलवानांना ५ टक्के चालतात, मग याला ५ लावून बघा." लावून बघितलं. ५६.३६ भागिले ०.९५, उत्तर ५९.३. गट मिळाला! पण पोरगं सोळाचं आहे. आकडा आधी ठरवायचा आणि गट नंतर बघायचा. गट आधी ठरवून त्याला बसेल असा आकडा शोधला तर मोजायचं कशाला? तो मुलगा ६५ ला उतरला.

चिमटी जरा जाड धरली तर काय बिघडतं?

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो आणि तो उलट्या दिशेने होतो, म्हणून नीट समजून घ्या.

सहसा माणसाला आपली चरबी कमी दाखवायची असते. किमान वजन काढताना पैलवानाला ती जास्त दाखवायची असते. चरबी जास्त दिसली की 'अजून काढायला वाव आहे' असं सूत्र म्हणतं आणि हद्द खाली सरकते. वरच्याच मुलाच्या प्रत्येक चिमटीत १ मिलिमीटर जास्त धरा. बेरीज ३३ होते, चरबी १२ टक्के, आणि किमान वजन ५९.९८. साठाचा गट उघडला. प्रत्येक चिमटीत १ मिलिमीटर कमी धरा. बेरीज २७, चरबी १०.२ टक्के, किमान वजन ६१.२. तोच मुलगा, तीच सकाळ, आणि बेरीज तीन मिलिमीटर वर की तीन मिलिमीटर खाली, एवढ्यावर सव्वा किलोचा फरक.

म्हणून मोजणारा माणूस त्या पैलवानाचा वस्ताद नसावा, वडील तर नकोतच. खोटेपणाचा आरोप करत नाही मी. मनात ६० असेल तर हात आपोआप थोडी जास्त कातडी उचलतो, हे मी माझ्याच हाताच्या बाबतीत अनुभवलं आहे. आता मी वाचतो आणि दुसरा माणूस लिहितो, बेरीज तीन फेरे संपेपर्यंत करत नाही. निकाल गटाच्या रेषेजवळ आला तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मोजणाऱ्याकडून पुन्हा घेतो, पण दोन्हींची सरासरी धरायची की दुसरी मोजणी अंतिम मानायची हे आधीच सांगून ठेवतो. हव्या त्या आकड्यापर्यंत मोजतच राहणं म्हणजे मोजणं नव्हे. या मुलाची दुसरी बेरीज ३०.५ आली. सरासरी ३०.२५, किमान वजन ६०.५. निकाल बदलला नाही.

मोजणी निर्दोष झाली तरी चिमटीवरून काढलेला टक्का खऱ्या टक्क्यापासून तीनेक अंकांनी इकडेतिकडे असू शकतो. हे सूत्र पुष्कळ मुलांच्या सरासरीवरून बांधलेलं आहे. एखाद्याची चरबी मांड्यांवर जास्त असेल तर या तीन जागा ती पकडत नाहीत.

जिममधल्या मशीनवर उभं राहिलं की टक्का येतो. तो चालेल का?

नाही. ते मशीन अंगातून बारीक वीज सोडतं आणि किती अडथळा होतो त्यावरून अंदाज करतं. वीज वाहते पाण्यातून. पाणी प्यायलात, घाम गाळलात, जेवलात, तर आकडा हलतो. पाणी तोडायची सवय असलेल्या पैलवानासाठी हेच साधन सगळ्यात बेभरवशाचं.

दर आठवड्याला किती उतरवायचं?

वजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त नाही. ६३.४ किलोच्या मुलाला आठवड्याला ९५० ग्रॅम. पहिल्या आठवड्याअखेर ६२.४५, दुसऱ्याच्या ६१.५, तिसऱ्याच्या ६०.६. म्हणजे त्याचा गट ६१ चा असता तरी जवळपास तीन आठवडे आधी सुरुवात करावी लागली असती. स्पर्धेच्या आदल्या शुक्रवारी 'अडीच किलो आहेत, होतील' म्हणणाऱ्याच्या अंगातून त्या वेळात अडीच किलो चरबी जाऊच शकत नाही. जाणार ते पाणीच.

खुराक कशातून कमी करायचा हा आहारतज्ज्ञाचा विषय आहे. मी एवढंच सांगतो की दूध, अंडी, डाळ काढू नका. थंडाईतली साखर, वरून सोडलेलं तूप, संध्याकाळचा वडापाव यांपासून सुरू करा.

मुलींचा हिशेब वेगळा का?

हद्द १२ टक्के आणि सूत्रही वेगळं. दोनच जागा घेतात, दंडाच्या मागची आणि पाठीवरची. दोन्हींची बेरीज ३५ पर्यंत असेल तर चरबीचा टक्का असा, B2 मध्ये बेरीज:

```
=1.33*B2-0.013*B2^2-2.5
```

सोळा वर्षांची मुलगी, वजन ५२.६, दंड ११, पाठ ९. बेरीज २०, चरबी १८.९ टक्के. चरबी सोडून ४२.६६ किलो. त्याला ०.८८ ने भागलं की ४८.५. म्हणजे सध्या ती ५३ मध्ये आहे आणि हिशेबाने ४९ चा गट तिला मोकळा आहे.

मी तिला ४९ ला जा असं सांगितलं नाही. ३.६ किलो उतरवायचे म्हणजे दीड टक्क्याच्या वेगाने पाच आठवडे, आणि त्या काळात शाळा, परीक्षा, दोन वेळचा सराव. हिशेब 'जाता येईल' एवढंच सांगतो. मुलींच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न पाळीचा असतो आणि तो आईसमोर किंवा महिला प्रशिक्षकांकरवी विचारतो. पाळी लागोपाठ तीन महिने आली नसेल तर टक्का १२ असो की १८, वजन उतरवायचं नाही, आधी डॉक्टर. शरीराला मिळणारं अन्न सरावाला पुरत नाही हे तिथे कॅलिपरच्या आधी कळतं, आणि दुर्लक्ष केलं तर पुढे हाडं ठिसूळ होतात.

हिशेबात किमान वजन आजच्या वजनापेक्षा जास्त आलं. चूक झाली का?

चूक असेलच असं नाही. कळव्याचा एक सडपातळ मुलगा, ४८.९ किलो, तिन्ही चिमट्यांची बेरीज फक्त १४, चरबी ६.२ टक्के. ४५.८७ भागिले ०.९३, उत्तर ४९.३. त्याची चरबी आजच हद्दीच्या खाली आहे. काहींची ठेवणच अशी असते, काहींना पोटभर मिळत नाही. दोन्हींत फरक ओळखायला डॉक्टरांची तपासणी हवी. तोवर ४८ चा विचार नको, ५१ ला खेळावं आणि खावं.

चौदा वर्षांखालच्या पोरांचं किमान वजन काढता का?

नाही. त्या वयात वजन उतरवायचंच नाही. ज्या गटात पोरगं सकाळी उठून बसतं, तो त्याचा गट.

रेनकोट घालून पळणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. एवढं काय त्यात?

नोव्हेंबर आणि डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत ३३ दिवसांत तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना मेले. तिघंही तरुण, तिघंही धडधाकट. पाणी तोडलेलं, अंगावर हवा न लागू देणारे कपडे, तापवलेली जागा आणि त्यात व्यायाम. किमान वजनाचा नियम कॉलेज कुस्तीत त्यानंतर कडक झाला.

ठाण्याच्या हवेबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. घाम अंग थंड करतो तो वाळताना. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हवा इतकी ओली असते की उघड्या अंगावरचाही घाम धड वाळत नाही. त्यावर रेनकोट चढवला तर घाम नुसता गळतो, अंग तापतच राहतं. काट्याला ते वजन उतरलेलं दिसतं, म्हणून पोराला वाटतं जमतंय. बोलताना अडखळला, घाम थांबला, थंडी वाजते म्हणाला, तर लगेच थांबवा, कपडे काढा, थंड पाणी अंगावर ओता आणि रुग्णालयात न्या. स्पर्धा तेव्हा डोक्यातही नको.

विनेश फोगाटच्या बाबतीत हा हिशेब काय सांगतो?

तिच्या चिमट्यांचे आकडे माझ्याकडे नाहीत, त्यामुळे तिचं किमान वजन मी काढू शकत नाही आणि कुणी काढून सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये अंतिम फेरीच्या सकाळी ती ५० किलोच्या गटात १०० ग्रॅमने जास्त भरली. त्यातून तालमीने एक गोष्ट घ्यावी: तिथे दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं. पहिल्या दिवशी पाणी काढून वजन दिलं की कुस्त्यांच्या मध्ये खाल्लं-प्यायलं जातं, प्यायलाच हवं, आणि ते वजन रात्रीत परत भरून येतं. तो गट दोन सकाळी लागोपाठ झेपेल का, हे गट ठरवतानाच बघायला हवं.

एकदा काढलेलं किमान वजन किती दिवस धरायचं?

त्या हंगामापुरतं. हंगाम चालू असताना ते खाली आणण्यासाठी पुन्हा मोजायचं नाही. नाहीतर प्रत्येक स्पर्धेआधी पोरं कॅलिपरसमोर रांग लावतील. नव्या हंगामाला मात्र नव्याने मोजा, कारण या वयात अंग फार झपाट्याने बदलतं.

घणसोलीचा तो मुलगा ६५ च्या गटात पहिल्या स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत हरला. समोरचे पैलवान ताकदीने भारी पडले आणि वडिलांनी महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. सहा महिन्यांनी तो पुन्हा मोजायला आला, वडील सोबत होते. लघवी १.०१२, वजन ६६.२, बेरीज २८. चरबी १०.५ टक्के, चरबी सोडून ५९.२ किलो, म्हणजे सहा महिन्यांत जवळपास तीन किलो अंग भरलं. किमान वजन ६३.७. साठाच्या गटाबद्दल त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. ६६.२ वरून ६५ ला यायला दोन आठवडे लागतील का, एवढंच वडिलांनी विचारलं. लागतील, म्हटलं, आणि तारखा कॅलेंडरवर लिहून दिल्या.